बंद पिशवीतला घाम

इचलकरंजीतील एका साड्यांच्या दुकानात लग्नसराईच्या दिवसांत एक प्रसंग घडला. आई, मुलगी आणि आजी असे तिघींचे कुटुंब शालू पाहण्यासाठी आले होते. मालकांचा सव्वीस वर्षांचा मुलगा गादीवर बसून एकामागून एक शालू उलगडून दाखवत होता. पहाटे व्यायामशाळेत जाऊन, तिथेच अंघोळ करून तो थेट दुकानी आलेला. अंगावर स्वच्छ शर्ट, त्यावर सढळ हाताने मारलेला परफ्यूम. काही वेळाने आजींनी पदर नाकाशी धरला आणि हळूच म्हणाल्या, "बाळा, जरा पंखा लाव बघू, डोकं धरलंय." शालू न घेताच तिघी उठल्या. "पुन्हा येऊ" असे सांगून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

रात्री दुकान वाढवताना वडिलांनी एवढेच विचारले, "ही तुझी बॅग किती दिवस काउंटरखाली असते रे?" मुलाने उत्तर दिले, "रोजच असते अण्णा, सकाळपासून रात्रीपर्यंत." अण्णांनी बॅगेची चेन उघडली आणि लगेच बंद केली. परफ्यूमच्या आड जो दर्प दिवसभर दुकानात रेंगाळत होता, त्याचे मूळ मुलाच्या अंगाशी नव्हते. ते त्या बॅगेत होते. तिच्या जोडीने परफ्यूमचा भडिमार झाल्यावर दोन्ही वास मिसळून तिसराच उग्र वास तयार होत होता. गादीवरच्या रेशमाला आणि कोऱ्या सुताला असे वास पटकन लागतात, हे कापडाच्या धंद्यात मुरलेल्या अण्णांना वेगळे सांगावे लागले नाही.

या घराने पुढचा महिनाभर जे करून पाहिले, ते व्यायाम करणाऱ्या तरुण मुलामुलींच्या प्रत्येक घराला उपयोगी पडेल असे आहे.

ताज्या घामाला वास नसतो

शरीरभर पसरलेल्या घर्मग्रंथींतून जो घाम येतो, तो बहुतांशी पाणी आणि थोडे मीठ असतो. त्याला जवळजवळ वास नसतो. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने असतात, पण तोही बाहेर पडताक्षणी वासाचा नसतो. त्वचेवर कायमच राहणारे सूक्ष्म जीवाणू या स्रावाचे विघटन करतात आणि त्यातून जी आम्ले व गंधकयुक्त द्रव्ये निर्माण होतात, त्यांना आपण घामाचा वास म्हणतो. म्हणजे वास तयार व्हायला तीन गोष्टी लागतात: ओल, ऊब आणि वेळ. व्यायामशाळेत या तिघींपैकी वेळ फार थोडा असतो. बंद बॅगेत मात्र तिन्ही मुबलक मिळतात.

त्या मुलाचा दिवसक्रम असा होता. सकाळी सव्वासातला व्यायाम संपे. भिजलेला टी-शर्ट, ट्रॅकपँट, मोजे आणि ओला टॉवेल एकाच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून ती बॅगेत जाई. बॅग रात्री नऊपर्यंत दुकानात, म्हणजे जवळजवळ चौदा तास बंद. घरी आल्यावर कपडे धुण्याच्या टोपलीत पडत आणि मशीन तिसऱ्या दिवशी लागे. त्यामुळे सव्वा तासाच्या घामाला जीवाणूंनी साठ-सत्तर तास खाद्य म्हणून वापरलेले असे.

घामाने भिजलेले किंवा ओले कपडे दोन घडींपेक्षा, म्हणजे ४८ मिनिटांपेक्षा, अधिक वेळ गुंडाळून ठेवू नयेत असा दंडक अनेक जैन घरांत आजीच्या पिढीने पाळला. त्यामागचा विचार जीवोत्पत्ती टाळण्याचा होता. दुर्गंधाच्या बाबतीतही हाच दंडक थेट लागू पडतो, कारण कपडा जितक्या लवकर वाळेल तितका जीवाणूंना वाढीला कमी अवधी मिळतो. मुलाची आई हे ऐकून म्हणाली, "मग आपल्या आजी काही वेगळं सांगत नव्हत्या."

पहिला बदल त्यामुळे अगदी साधा ठरला. प्लास्टिकची पिशवी बंद झाली. तिच्या जागी जाळीची पिशवी आली, जिच्यातून हवा खेळते. दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळ, एक दोरी बांधली गेली. दुकानी पोहोचताच मुलगा भिजलेले कपडे आणि टॉवेल उलटे करून त्यावर पसरू लागला. धुणे रात्रीच होणार होते, पण तोवर कपडे कोरडे होत. ज्यांच्याकडे अशी खोली नाही, त्यांनी निदान गाडीत किंवा जिन्याखाली बॅगेची चेन पूर्ण उघडी ठेवावी आणि टॉवेल वेगळा ठेवावा. ओला टॉवेल बॅगेत इतर कपड्यांना कोरडे होऊ देत नाही.

पॉलिएस्टरचा हट्टी वास

दोन आठवड्यांत बॅगेचा वास बराच कमी झाला. पण मुलाचा आवडता काळा टी-शर्ट मात्र वेगळाच त्रास देऊ लागला. धुऊन, वाळवून, घडी करून ठेवला की त्याला काहीच वास येत नसे. अंगात घालून दहा मिनिटे व्यायाम झाला की काखेजवळ जुना वास पुन्हा वर येई, जणू तो धुतलाच नव्हता.

हा अनुभव फार जणांचा आहे आणि त्याचे कारण कापडात आहे. कापडाचे व्यापारी ज्याला ओलावा धरण्याची क्षमता म्हणतात, ती सुताची प्रमाणित हवेत सुमारे साडेआठ टक्के असते, तर पॉलिएस्टरची अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पॉलिएस्टर पाण्याला जवळ करत नाही, म्हणून तो पटकन वाळतो आणि खेळाच्या कपड्यांत लोकप्रिय झाला. पण ज्याला पाणी नको, त्याला तेल हवेसे असते. त्वचेवरचा तेलकट थर आणि वासाची स्निग्ध द्रव्ये त्याच्या तंतूंना चिकटून बसतात. थंड पाण्यातल्या धुण्याने घाम आणि मीठ निघून जाते, तेलकट थर पुरता निघत नाही. पुढच्या वेळी ऊब आणि ओल मिळताच अडकलेला वास सुटतो आणि उरलेल्या थरावर जीवाणू पुन्हा वाढतात.

बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात २६ निरोगी व्यक्तींचे सायकलवरच्या जोमदार व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले होते. सुती कपड्यांपेक्षा पॉलिएस्टरच्या कपड्यांचा वास अधिक तीव्र आणि अधिक नकोसा ठरला. कृत्रिम धाग्याच्या जवळजवळ सर्व शर्टांवर मायक्रोकॉकस गटाचे जीवाणू भरपूर आढळले.

याचा अर्थ सगळे पॉलिएस्टर फेकून द्यावे असा नाही. जाड सुती शर्ट घामाने जड होतो, अंगाला चिकटतो आणि वाळायला वेळ घेतो. ओला राहिला तर त्यालाही कुबट वास धरतो. इचलकरंजीच्या त्या मुलाने मध्यम मार्ग काढला. वजनाच्या व्यायामासाठी, जिथे घाम तुलनेने कमी येतो, तिथे पातळ सुती टी-शर्ट. धावण्याच्या दिवशी पॉलिएस्टरचा, पण त्याच दिवशी धुतलेला.

कपड्यात जुना वास दडून बसला आहे का, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. धुऊन वाळलेल्या शर्टाच्या काखेचा भाग पाण्याने किंचित ओला करावा, दोन्ही तळव्यांत धरून मिनिटभर ऊब द्यावी आणि मग हुंगावे. वास वर आला, तर तो शर्ट नुसता धुऊन भागणार नाही.

पावडर वाढवून उपयोग का होत नाही

वास जात नाही म्हटल्यावर बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. कपडे धुण्याची पावडर दुप्पट पडते आणि शेवटी सुगंधी फॅब्रिक सॉफ्टनर ओतला जातो. दोन्ही उपाय उलटे पडतात. जादा पावडर नीट खळबळून निघत नाही आणि तिचा थर कापडात राहून मळ धरतो. सॉफ्टनर तंतूंवर एक मऊ, मेणचट पापुद्रा चढवतो. त्यामुळे खेळाच्या कापडाची घाम बाहेर टाकण्याची क्षमता कमी होते आणि आतला तेलकट थर धुण्यापासून झाकला जातो. बोअरचे जड पाणी असेल तर अडचण आणखी वाढते, कारण क्षारांशी साबण मिळून न विरघळणारा पांढरट थर तयार होतो.

पावडरीचा थर राहिला आहे का, तेही पाहता येते. धुऊन वाळलेला एक शर्ट बादलीभर स्वच्छ कोमट पाण्यात घालून हाताने चोळावा. नवीन पावडर न घालताही पाणी गढूळ झाले, फेस आला किंवा कापड बुळबुळीत लागले, तर मागच्या धुण्याचा साबण अजून त्यात आहे. त्या मुलाच्या सहा शर्टांपैकी चार या परीक्षेत नापास झाले.

आईने मग पुढील पद्धत ठरवली. ती सलग तीन आठवडे पाळली गेली.

कपडे आधी उलटे केले जात, कारण घाम आणि तेल आतल्या बाजूला असते. चार लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा विरघळवून त्यात कपडे अर्धा तास भिजवले जात. वासाची अनेक द्रव्ये आम्लधर्मी असतात. सोड्याच्या पाण्यात त्यांचे क्षार बनतात आणि ते पाण्यासोबत वाहून जातात. अर्ध्या तासानंतर हे पाणी ओतून कपडे मशीनमध्ये जात. मशीन दोन तृतीयांशापेक्षा अधिक भरायचे नाही, पावडर पाकिटावर सांगितलेल्या मापापेक्षा जास्त घालायची नाही, सॉफ्टनर अजिबात नाही, आणि कपड्याच्या लेबलवर परवानगी असेल तर पाणी ४० अंशांचे. शेवटी एक जादा खळबळणी.

ज्या शर्टांत थर जुना होता, त्यांच्यासाठी आणखी एक पायरी होती. बाहेरच्या देशांतल्या सल्ल्यांमध्ये इथे व्हिनेगर सांगितलेले असते. पण ते आंबवून तयार होत असल्याने अनेक जैन घरांत ठेवले जात नाही. किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, तेच काम करते. चार लिटर पाण्यात एक लहान चमचा लिंबूसत्त्व पूर्ण विरघळवून धुतलेले कपडे त्यात दहा मिनिटे ठेवायचे आणि नंतर साध्या पाण्यातून काढायचे. याने जड पाण्याचा व साबणाचा पांढरट थर सुटतो.

इथे दोन सावधगिऱ्या महत्त्वाच्या आहेत. सोडा आणि लिंबूसत्त्व एकाच पाण्यात घालू नयेत. फेस भरपूर येतो आणि काहीतरी घडते आहे असे वाटते, पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. कपडे पांढरे करण्याचे क्लोरीनयुक्त ब्लीच लिंबूसत्त्वाबरोबर किंवा कोणत्याही आम्लाबरोबर कधीही मिसळू नये; त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शिवाय क्लोरीन ब्लीच ताणल्या जाणाऱ्या कपड्यांतील इलॅस्टिक धागा कुजवते, म्हणून खेळाच्या कपड्यांना ते वापरूच नये.

तीन आठवड्यांनी सहापैकी पाच शर्टांनी तळव्याच्या उबेची परीक्षा पार केली. आवडता काळा शर्ट मात्र हरला. चार वर्षे दर धुण्याला सॉफ्टनर पिऊन त्याच्या काखेचा भाग मेणचट झाला होता. त्याची फरशी पुसण्याच्या फडक्यात रवानगी झाली.

बॅग, बूट आणि पावसाळा

कपडे सुधारले तरी बॅग जुनाच वास नव्या कपड्यांना देत राहते, हे अनेकदा लक्षात येत नाही. त्या बॅगेचा तळाचा पुठ्ठा काढल्यावर खाली काळपट बुरशीचे ठिपके दिसले. पुठ्ठा टाकून दिला. बॅग आतून उलटी करून कोमट पाणी आणि थोड्या पावडरीने ब्रशने घासली, दोन वेळा स्वच्छ पाण्याने काढली आणि दोन दिवस गच्चीवर उन्हात उलटी टांगली. आता ती महिन्यातून एकदा धुतली जाते आणि रोज रात्री रिकामी करून उघडी ठेवली जाते. बूट तिच्यात कपड्यांसोबत जात नाहीत. त्यांना वेगळी कापडी पिशवी आहे. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरले जातात, कारण घामाने भिजलेला बूट आतून कोरडा व्हायला एक पूर्ण दिवस सहज लागतो. ओल्या बुटात रद्दी वर्तमानपत्राचा बोळा घातला तर ते काम लवकर होते.

पावसाळ्यात परीक्षा कठीण होते. घरात वाळणाऱ्या कपड्यांना जो कुबट वास येतो, तो घामाचा नसून सावकाश वाळण्याचा असतो. जपानमधील संशोधकांनी या वासामागे मोराक्सेला नावाच्या जीवाणूचा हात असल्याचे दाखवले आहे. धुण्यातून वाचलेले हे जीवाणू ओलसर कापडावर पुन्हा वाढतात. उपाय म्हणजे वाळण्याचा वेळ कमी करणे. कपडे मशीनमध्ये दोनदा पिळून घ्यावेत, दोरीवर दोन कपड्यांमध्ये हाताच्या पंजाएवढे अंतर ठेवावे आणि पंख्याचा वारा थेट त्यांच्यावर सोडावा. पुढून उघडणारे मशीन असेल, तर दाराभोवतीच्या रबरी कडेच्या घडीत साचलेले पाणी आणि चिकट मळ पुसून काढावा, अन्यथा वास मशीनमधूनच कपड्यांत जातो.

अंगाचा ताजेपणा

आता राहिला परफ्यूमचा प्रश्न. परफ्यूम जास्त का मारला जातो, याचे कारण नाकाच्या स्वभावात आहे. सतत येणाऱ्या वासाची नाकाला काही मिनिटांत सवय होते आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून स्वतःच्या घामाचा वास स्वतःला कळत नाही आणि स्वतःचा परफ्यूम कमी पडला असे वाटून आणखी मारला जातो. समोर बसलेल्या ग्राहकाचे नाक मात्र ताजे असते.

त्या मुलाची जुनी चूक क्रमात होती. व्यायाम संपताच तो धावपळीत अंघोळ करी आणि लगेच शर्ट चढवी. व्यायामानंतर शरीर आतून तापलेले असते आणि घाम आणखी काही वेळ येतच राहतो, त्यामुळे स्वच्छ शर्ट दहा मिनिटांत भिजे. आता तो व्यायामानंतर दहा ते पंधरा मिनिटे सावकाश चालतो, श्वास आणि घाम शांत होऊ देतो आणि मग साध्या किंवा कोमट पाण्याने अंघोळ करतो. काखा, जांघा आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या साबणाने धुऊन कोरड्या टॉवेलने पूर्ण टिपतो. कोरडेपणा इथे साबणाइतकाच महत्त्वाचा आहे.

त्यानंतर तुरटी. दाढीनंतर वापरतात तोच खडा पाण्यात बुडवून स्वच्छ काखेत हलक्या हाताने फिरवायचा आणि शर्ट घालण्याआधी वाळू द्यायचा. तुरटी घाम पूर्ण थांबवत नाही, पण तिच्या आम्लधर्मी, आकसणाऱ्या गुणामुळे वास करणाऱ्या जीवाणूंची वाढ मंदावते, आणि तिला स्वतःचा वास नसतो. नुकतेच केस काढलेल्या किंवा खरचटलेल्या त्वचेवर ती झोंबते, म्हणून तिथे एक दिवस टाळावी. ज्यांना घामच फार येतो, त्यांनी घामरोधक निवडताना एक लक्षात ठेवावे: ते सकाळी ओल्या अंगावर लावण्यापेक्षा रात्री झोपण्यापूर्वी कोरड्या त्वचेवर लावले तर अधिक परिणामकारक ठरते, कारण त्यातील क्षार घर्मरंध्रांत बसायला शांत वेळ मिळतो.

अंघोळीची सोय नसेल त्या दिवशी ओल्या नॅपकिनने काखा, मान आणि पाठ पुसून, दुसऱ्या कोरड्या नॅपकिनने टिपून, बनियनसह सगळे कपडे बदलावेत. भिजलेल्या बनियनवर नवा शर्ट चढवला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. सुगंध हवाच असेल तर स्वच्छ अंगावर मनगटाशी अत्तराचा एक थेंब पुरतो. हातभर अंतरावर बसलेल्याला तो जाणवला नाही तर माप बरोबर आहे.

काही गोष्टी मात्र धुण्याने किंवा तुरटीने सुटत नाहीत. जांघेत किंवा काखेत खाज सुटणारे, कडेने लाल होत पसरणारे चट्टे दिसले तर ते बहुधा गजकर्ण असते. दमट कपडे आणि दुसऱ्याचा टॉवेल वापरणे यांनी ते वाढते. अशा वेळी औषधाच्या दुकानातून मिळेल ते मलम लावण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. रोजची स्वच्छता पाळूनही अंगाचा वास अचानक बदलला, गोडसर किंवा माशासारखा येऊ लागला, तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

इचलकरंजीच्या त्या दुकानात काउंटरखाली आता बॅग नसते. मागच्या खोलीतील दोरीवर रोज सकाळी एक टी-शर्ट, एक टॉवेल आणि मोज्यांची जोडी उलटी वाळत असते. पुढच्या लग्नसराईत दुसऱ्या एका आजींनी गादीवर तासभर बसून चार शालू उलगडायला लावले. त्या निघाल्यावर अण्णा मुलाला म्हणाले, "आज पंखा लावा म्हणून कोणी सांगितलं नाही बघ." आणि ते पुन्हा वहीत डोके घालून हिशेब लिहू लागले.